टक्क्यांची बेरीज १०१ का येते?

ऑक्टोबर २००४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. एकूण जागा २८८. त्यांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२ आणि भाजपला ५४ जागा मिळाल्या. उरलेल्या ३२ जागा छोट्या पक्षांकडे आणि अपक्षांकडे गेल्या. या जागांचा वृत्तालेख, म्हणजे आपण ज्याला पाय चार्ट म्हणतो तो, काढायचा आणि प्रत्येक भागावर टक्के लिहायचे असं समजा. प्रत्येक पक्षाच्या जागांना २८८ ने भागायचं, शंभराने गुणायचं आणि उत्तर जवळच्या पूर्ण संख्येत लिहायचं. आकडे येतात ते असे: २५, २४, २२, १९ आणि ११.

आता त्यांची बेरीज करून पाहा. ती १०१ येते.

जागा मोजण्यात चूक झालेली नाही. ७१, ६९, ६२, ५४ आणि ३२ मिळून बरोबर २८८ होतात. भागाकार बरोबर आहेत. प्रत्येक टक्का शाळेत शिकवलेल्या नियमानेच पूर्ण केलेला आहे. एकही पायरी चुकलेली नाही, तरी बेरीज एकाने जास्त येते. वाचकाला वाटतं, आकड्यांत गडबड आहे. तक्ता बनवणाऱ्याला वाटतं, कुणी बोट ठेवण्याआधी एक टक्का कुठून तरी कमी करून टाकावा. यातल्या पहिल्या शंकेचं उत्तर अगदी सोपं आहे. दुसऱ्या मोहाचे परिणाम मात्र नीट पाहायला हवेत, कारण खरी चूक तिथे होते.

जादा एक टक्का कुठून आला?

पूर्ण संख्येत लिहिण्याआधीचे आकडे समोर ठेवले की कोडं उलगडतं.

| पक्ष | जागा | खरे टक्के | लिहिलेले टक्के |
|---|---|---|---|
| राष्ट्रवादी काँग्रेस | ७१ | २४.६५ | २५ |
| काँग्रेस | ६९ | २३.९६ | २४ |
| शिवसेना | ६२ | २१.५३ | २२ |
| भाजप | ५४ | १८.७५ | १९ |
| इतर व अपक्ष | ३२ | ११.११ | ११ |
| एकूण | २८८ | १००.०० | १०१ |

तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्याचे दोन भाग करू. दशांश चिन्हाच्या आधीचे पूर्ण टक्के आहेत २४, २३, २१, १८ आणि ११. त्यांची बेरीज ९७. म्हणजे शंभरातले तीन टक्के अजून उरले. ते आहेत दशांश चिन्हानंतरच्या तुकड्यांत: ०.६५, ०.९६, ०.५३, ०.७५ आणि ०.११. हे पाचही तुकडे एकत्र केले तर बरोबर तीन टक्के होतात.

आता पूर्ण संख्येत लिहिण्याचा नियम आठवा. तुकडा अर्धा किंवा अर्ध्याहून मोठा असेल तर एक पूर्ण टक्का वाढवायचा, अर्ध्याहून लहान असेल तर तो सोडून द्यायचा. आपल्या पाच तुकड्यांपैकी चार अर्ध्याहून मोठे आहेत. नियमाने चौघांनाही एकेक टक्का दिला, म्हणजे उरले होते तीन आणि वाटले गेले चार. जादा आलेला टक्का तो हाच.

हा नियम प्रत्येक पक्षाकडे एकटा पाहतो. शिवसेनेचे २१.५३ टक्के २२ लिहावेत की २१, हे ठरवताना बाकीच्या चौघांचं काय झालं ते तो विचारत नाही. म्हणून प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे खऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ असतो, पण सगळ्यांची बेरीज शंभरच भरावी अशी हमी कुठेच दिलेली नसते. वर गेलेले तुकडे खाली गेलेल्या तुकड्यांना बरोबर भरून काढतील तेव्हाच बेरीज १०० येते.

उलटंही घडतं. २०१९ च्या विधानसभेत भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४, काँग्रेसला ४४ आणि इतरांना २९ जागा मिळाल्या. खरे टक्के ३६.४६, १९.४४, १८.७५, १५.२८ आणि १०.०७. इथे पाचपैकी फक्त एक तुकडा, राष्ट्रवादीचा, अर्ध्याहून मोठा आहे. लिहिलेले टक्के होतात ३६, १९, १९, १५ आणि १०, आणि बेरीज येते ९९. दोन टक्के वाटायचे होते, एकच वाटला गेला.

हे किती वेळा घडतं?

हा क्वचित होणारा योगायोग आहे असं वाटू शकेल, पण तसं नाही. १९६७ मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर, क्लिओ यूट्झ आणि डग्लस झान या संख्याशास्त्रज्ञांनी ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेऊन एक शोधनिबंध लिहिला: पूर्ण केलेल्या टक्क्यांची बेरीज किती वेळा बरोबर शंभर येते? त्यांचं उत्तर गटांच्या संख्येवर अवलंबून आहे.

दोनच गट असतील तर बेरीज जुळते, कारण एकाचा तुकडा ०.३ असेल तर दुसऱ्याचा ०.७ असणारच, एक खाली जातो, दुसरा वर. अपवाद एकच, तुकडा नेमका अर्धा असण्याचा. चाळीस मुलांच्या वर्गात ५ गैरहजर आणि ३५ हजर असतील तर टक्के होतात १२.५ आणि ८७.५. दोन्ही वर ढकलले की १३ आणि ८८, बेरीज १०१.

तीन गट झाले की बेरीज शंभर येण्याची शक्यता साधारण तीन चतुर्थांशावर येते, चार गटांना दोन तृतीयांशावर. गट वाढत गेले की ती आणखी उतरते. पाच गटांना ती साठ टक्क्यांच्या आसपास असते. दहा गटांचा तक्ता असेल तर बेरीज शंभर न येण्याचीच शक्यता जास्त. दहा पर्यायांचे टक्के पूर्ण संख्येत देणाऱ्या तक्त्यांची बेरीज दर वेळी नेमकी १०० भरत असेल, तर कुणीतरी आकड्यांना हात लावला असण्याचा संभव मोठा आहे. शंभर हा आकडा दिसला म्हणजे तक्ता प्रामाणिक, असा निष्कर्ष काढता येत नाही.

दशांश वाढवले तर?

बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो हा: पूर्ण संख्येऐवजी एक दशांश स्थळ द्यावं. २००४ चेच आकडे तसे लिहून पाहू. राष्ट्रवादी २४.७, काँग्रेस २४.०, शिवसेना २१.५, भाजप १८.८, इतर ११.१. बेरीज १००.१.

म्हणजे फरक गेला नाही, एक टक्क्याचा एक दशांश टक्का झाला. दोन दशांश स्थळं दिली तर या खेपेला बेरीज १००.०० येते, पण तेही नशीब. दुसऱ्या वर्षीच्या आकड्यांत ती ९९.९९ किंवा १००.०१ येऊ शकते. कितीही दशांश दिले तरी कुठेतरी थांबावं लागतं, आणि थांबलं की शेवटच्या घरात हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दशांश वाढवण्याची दुसरी किंमत त्याहून मोठी आहे. विधानसभेच्या जागा मोजलेल्या असतात, त्यामुळे २४.७ मधला ७ खरा आहे. पण हजार लोकांना विचारून केलेल्या पाहणीत प्रत्येक टक्क्याला साधारण तीन टक्क्यांची मागेपुढे होण्याची मुभा असते. दुसरे हजार लोक निवडले असते तर आकडा तेवढा हलू शकला असता. अशा पाहणीत ३७.४ असं लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. बेरीज सुबक दिसावी म्हणून वाचकाला खोटी खात्री द्यायची, हा सौदा वाईट आहे. दशांश किती द्यायचे हे आकडे किती खात्रीचे आहेत त्यावरून ठरवावं. बेरीज जुळते की नाही यावरून ठरवू नये.

गुपचूप छाटणीचे परिणाम

दुसरा प्रचलित उपाय असा: सगळ्यात मोठ्या भागातून एक टक्का कमी करायचा. मोठ्या आकड्यात एक टक्क्याने काय फरक पडतो, हे त्यामागचं कारण. २००४ च्या तक्त्यात मोठा भाग राष्ट्रवादीचा. त्याचे २५ चे २४ केले की बेरीज १०० होते. पण आता राष्ट्रवादी २४ आणि काँग्रेसही २४!

त्या निवडणुकीची सगळ्यात जास्त चर्चा झालेली गोष्ट होती ती या दोन मित्रपक्षांतल्या दोन जागांच्या फरकाची. राष्ट्रवादीचे आमदार जास्त होते, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेलं. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि राष्ट्रवादीचे आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री. छाटलेल्या तक्त्यात दोन्ही पक्ष बरोबरीचे दिसतात, आणि त्या वेळी नेमका कशावरून वाद होता हे वाचकाला कळायचा मार्गच बंद होतो. २४.६५ ला २४ म्हटलं तर चूक दोन तृतीयांश टक्क्याची, पण तेवढ्यानेच तक्त्यातली मुख्य गोष्ट नाहीशी झाली.

तिसरा उपाय ‘इतर’ या गटावर भार टाकण्याचा. तिथे कुणी तक्रार करायला येत नाही. ११ चे १० करायचे. पण खरा आकडा ११.११ आहे, म्हणजे चूक एक टक्क्याहून जास्त. २८८ जागांचे दहा टक्के म्हणजे २९ जागासुद्धा भरत नाहीत; तीन-साडेतीन आमदार तक्त्यातून वजा झाले. दर निवडणुकीत, दर पाहणीत ‘इतर’वरच असा भार टाकत गेलं, की छोटे पक्ष आणि अपक्ष यांचं चित्र कायमचं एकाच बाजूला झुकतं.

या दोन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. तक्त्यातला निदान एक आकडा आता नियमाने आलेला नाही, तो कुणाच्या तरी सोयीने ठरला आहे, आणि वाचकाला ते कळायची काहीही सोय नाही. १०१ ही बेरीज विचित्र दिसते, पण तिच्यातला प्रत्येक आकडा खरा असतो. गुपचूप आणलेल्या १०० मध्ये एक आकडा खोटा असतो.

बेरीज जुळवायचीच असेल तर

काही ठिकाणी बेरीज जुळणं खरोखरच गरजेचं असतं. शंभर चौकोनांचं चित्र काढून प्रत्येक चौकोन एका पक्षाच्या रंगात रंगवायचा असेल, तर १०१ वा चौकोन आणायचा कुठून? किंवा शंभर जागा जिल्ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायच्या असतील, तर १०१ जागा देता येत नाहीत. अशा वेळी वापरायची एक जुनी, नियमबद्ध रीत आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये ती पुरस्कारली होती. तिला मोठ्या शेषाची पद्धत म्हणता येईल.

तिच्या पायऱ्या अशा. आधी प्रत्येकाला फक्त पूर्ण टक्के द्यायचे: २४, २३, २१, १८, ११. बेरीज ९७, म्हणजे तीन टक्के हातात उरले. मग तुकडे मोठ्याकडून लहानाकडे लावायचे: काँग्रेस ०.९६, भाजप ०.७५, राष्ट्रवादी ०.६५, शिवसेना ०.५३, इतर ०.११. हातातले तीन टक्के वरच्या तिघांना एकेक द्यायचे आणि थांबायचं. उत्तर येतं राष्ट्रवादी २५, काँग्रेस २४, शिवसेना २१, भाजप १९, इतर ११. बेरीज १००.

या रीतीचा गुण असा, की कुणाचा टक्का कापायचा हे आकडेच ठरवतात, माणूस नाही. शिवसेनेचा तुकडा अर्ध्याच्या सगळ्यात जवळ होता, म्हणून कापला गेला तो तिचा. तिच्या आकड्यातली चूक झाली ०.५३. बेरीज शंभर ठेवायची तर एवढी चूक पत्करावीच लागते. दुसऱ्या कुणाचा टक्का कापला असता तर ती याहून मोठी झाली असती. राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्यातला फरकही शाबूत राहिला.

पण या रीतीची किंमतही सांगायला हवी, आणि ती याच विधानसभेच्या आकड्यांत दिसते. २००९ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८२, राष्ट्रवादीला ६२, भाजपला ४६, शिवसेनेला ४४, मनसेला १३ आणि इतरांना ४१ जागा मिळाल्या. त्या वर्षीचे टक्के साध्या नियमाने २८, २२, १६, १५, ५ आणि १४ येतात. बेरीज आपोआप १०० भरते, काहीच जुळवावं लागत नाही. आता दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा. २००४ मध्ये शिवसेनेच्या ६२ जागा म्हणजे २१ टक्के आणि २००९ मध्ये राष्ट्रवादीच्या ६२ जागा म्हणजे २२ टक्के. सभागृह तेवढंच, जागा तेवढ्याच, टक्के मात्र वेगळे.

याचं कारण असं, की जुळवलेल्या तक्त्यात एका पक्षाचा आकडा बाकीच्या पक्षांच्या तुकड्यांवर अवलंबून असतो. २००४ मध्ये शिवसेनेपेक्षा मोठे तीन तुकडे होते म्हणून तिचा टक्का गेला. म्हणून असे आकडे एका वर्षाच्या एका चित्रापुरते ठीक. वर्षांची तुलना करायला ते वापरू नयेत. आणि जुळवणी केली असेल तर तक्त्याखाली एका ओळीत तसं लिहावं, म्हणजे ज्याला २१.५३ चा हिशेब करता येतो त्याला २१ का लिहिलं हेही कळेल.

मग प्रामाणिक मार्ग कोणता?

जागा वाटताना बेरीज जुळावीच लागते, कारण जागा ही प्रत्यक्ष वस्तू आहे. अर्धा आमदार निवडून येत नाही. वृत्तालेखावरचा टक्का ही वस्तू नाही, ते एका वस्तूचं थोडक्यात केलेलं वर्णन आहे. वर्णनांची बेरीज जुळलीच पाहिजे असं काही नाही. म्हणून बहुतेक तक्त्यांसाठी चांगला मार्ग हाच, की साध्या नियमाने आलेले टक्के तसेच ठेवावेत आणि खाली लिहावं: ‘टक्के जवळच्या पूर्ण संख्येत दिल्याने त्यांची बेरीज १०० येईलच असे नाही.’ सरकारी अहवालांत आणि रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनांत अशा अर्थाची टीप नेहमी दिसते.

किराणा दुकानातलं छापील बिल हेच करतं. प्रत्येक वस्तूची किंमत पैशांसकट लिहिलेली असते, बेरीज ४८६ रुपये ३८ पैसे येते, आणि त्याखाली ‘राउंड ऑफ’ अशी वेगळी ओळ येऊन ३८ पैसे वजा होतात. दुकानदार ते ३८ पैसे गुपचूप साखरेच्या किमतीतून कमी करत नाही. फरक किती आणि तो कशामुळे, हे बिलावरच दिसतं, म्हणून गिऱ्हाईक हिशेब पडताळू शकतं. तक्त्याखालची टीप हे काम करते.

टीपेहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे मूळ आकडे. टक्क्याशेजारी कंसात जागा लिहिल्या, ‘२५ टक्के (७१)’ असं, की वाचकाच्या हातात सगळंच येतं. टक्क्यात हरवणाऱ्या काही गोष्टी फक्त मूळ आकड्यातच राहतात. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ जागा लागतात. १४३ जागा म्हणजे ४९.६५ टक्के, १४४ म्हणजे ५० आणि १४५ म्हणजे ५०.३५. पूर्ण संख्येत तिन्ही ‘५० टक्के’. ज्या एका जागेवर सरकार बनतं किंवा पडतं, ती या टक्क्यात दिसतच नाही.

एकूण ओळ लिहायची असेल तर तिथे १०० लिहावं, १०१ नव्हे. ही ओळ म्हणजे लिहिलेल्या टक्क्यांची बेरीज नव्हे, ती सभागृहाचा पूर्ण वाटा दाखवते. आणि २८८ पैकी २८८ म्हणजे शंभर टक्केच. वरच्या आकड्यांची बेरीज १०१ का येते, हे टीप सांगतेच.

हाच विचार गटांची बेरीज करतानाही लागू होतो. २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांची युती होती. दोघांचे मिळून किती टक्के? तक्त्यातले २२ आणि १९ मिळवले तर ४१. पण जागा मिळवल्या तर ६२ आणि ५४ म्हणजे ११६, आणि ११६ चे टक्के होतात ४०.२८, म्हणजे ४०. दोन्ही आकडे वर ढकललेले होते, त्यांना एकत्र केल्यावर दोघांची चूकही एकत्र झाली. म्हणून आधी मूळ आकड्यांची बेरीज करावी, टक्के काढावेत आणि पूर्ण संख्येत लिहिण्याचं काम शेवटी, एकदाच करावं.

एकदाच, दोनदा नाही

‘एकदाच’ या शब्दावर भर देण्याचं कारण आहे. अनेकदा वार्ताहराकडे एक दशांश असलेला तक्ता येतो आणि तो त्यावरून पूर्ण संख्या करतो. २०१९ मध्ये भाजपचे खरे टक्के ३६.४६ होते. एका दशांशात ते ३६.५ झाले आणि ३६.५ वरून पुन्हा पूर्ण संख्या केली की ३७. खरा आकडा ३६ च्या जवळ असताना दोन पायऱ्यांत तो ३७ झाला. यात फसवणारी गोष्ट अशी, की २०१९ चा सगळा तक्ता असा दोनदा पूर्ण केला तर बेरीज ९९ ऐवजी बरोबर १०० येते. चूक झाली आणि ती झाल्यामुळेच तक्ता निर्दोष दिसू लागला. २००९ मध्ये याच्या उलट होतं: काँग्रेसचे २८.४७ टक्के आधी २८.५ आणि मग २९ होतात, आणि आपोआप शंभर भरणारा तक्ता १०१ वर जातो.

संगणकावर हा गोंधळ आणखी एका कारणाने होतो. एक्सेलमध्ये जागा B2 ते B6 या सेलमध्ये असतील तर वाटा असा काढतात:

```
=B2/SUM(B$2:B$6)
```

सेलमध्ये ०.२४६५२७… ही पूर्ण किंमत साठते. टक्क्यांचं स्वरूप दिलं की पडद्यावर मात्र 25% एवढंच दिसतं. अशा पाच सेलची बेरीज एक्सेलला विचारली तर तो साठवलेल्या किमतींची बेरीज करून 100% दाखवतो, पण दिसणारे आकडे हाताने मिळवले तर १०१ होतात. एक्सेल चुकत नाही. तो एका गोष्टीची बेरीज करतो आणि आपण दुसऱ्याच गोष्टीची. याउलट किमतीच आधी पूर्ण करून ठेवल्या,

```
=ROUND(B2/SUM(B$2:B$6),2)
```

तर साठवलेली बेरीजही 101% होते. या रकान्यावरून शंभरापर्यंतच्या पट्टीचा उभा आलेख काढला तर पट्टी शंभराच्या रेषेबाहेर जाते. म्हणून आलेख नेहमी पहिल्या सूत्रावरून किंवा थेट जागांवरून काढावा. आकार खऱ्या किमतींचा ठेवावा आणि पूर्ण संख्या फक्त त्यावरच्या अक्षरांत असावी.

१०१ ही खरी चूक केव्हा?

शंभराहून वेगळी दिसलेली प्रत्येक बेरीज निर्दोष असते असं मात्र नाही. तिची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक टक्का पूर्ण करताना जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक होते. म्हणून गट जितके, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. तीन गटांत फरक दीडपेक्षा कमी, म्हणजे बेरीज ९९, १०० किंवा १०१. तीन गटांची बेरीज १०२ दिसली तर पूर्ण संख्येचं कारण चालणार नाही. आकडा चुकीचा उतरला आहे किंवा कुणीतरी दोनदा मोजला गेला आहे. पाच गटांत ९८ ते १०२ एवढी मुभा आहे, तरी दोन टक्क्यांचा फरक क्वचितच पडतो, म्हणून तो दिसला तर मूळ आकडे एकदा तपासलेले बरे.

बेरीज १३० किंवा १८० आली तर पाहणीतला प्रश्न वाचावा. ‘तुम्ही बातम्या कुठून मिळवता?’ असं विचारून एकापेक्षा जास्त उत्तरं घेतली असतील, तर शंभराच्या वर जाणं अपेक्षितच आहे. अशा उत्तरांचा वृत्तालेख काढणं मात्र चूक, कारण वर्तुळ एका पूर्णाचे तुकडे दाखवतं आणि ही उत्तरं एका पूर्णाचे तुकडे नसतात. तिथे आडव्या पट्ट्यांचा आलेख काढावा आणि ‘एकापेक्षा जास्त उत्तरे घेतली’ असं खाली लिहावं.

> थोडक्यात
>
> • प्रत्येक टक्का स्वतंत्रपणे पूर्ण संख्येत लिहिला जातो, म्हणून बेरीज ९९ किंवा १०१ येऊ शकते. पाच गटांच्या तक्त्यात असं साधारण पाचातून दोनदा घडतं.
>
> • दशांश वाढवल्याने फरक लहान होतो, संपत नाही.
>
> • सगळ्यात मोठ्या गटातून किंवा ‘इतर’मधून गुपचूप टक्का कापू नये. टक्के तसेच ठेवावेत, एकूण ओळीत १०० लिहावं, खाली टीप द्यावी आणि शेजारी मूळ आकडे द्यावेत.
>
> • बेरीज जुळवणं भागच असेल तर मोठ्या शेषाची पद्धत वापरावी आणि तसं लिहावं. जुळवलेल्या आकड्यांवरून वर्षांची तुलना करू नये.
>
> • बेरीज आणि तुलना मूळ आकड्यांवर करावी. पूर्ण संख्येत लिहिणं शेवटी आणि एकदाच.
>
> • फरक गटांच्या संख्येच्या निम्म्याहून जास्त असेल तर चूक दुसरीकडे शोधावी.